कोळीनृत्यातले चोवीस चेहरे

डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनं आटोपली की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकच विचारणा सुरू होते: व्हिडिओ कधी मिळणार? अलीकडे काही शाळा व्हिडिओच्या आधी एक छोटं पत्र पाठवतात. ‘मुलांच्या सुरक्षिततेसाठी चित्रफितीतील चेहरे धूसर केले जातील’, असं त्यात लिहिलेलं असतं. पत्र तेवढ्यावरच थांबलं तर वाचणाऱ्यांचे दोन तट पडतात. काहींना वाटतं की आता आपलं मूल कुणालाच ओळखू येणार नाही. काहींना वाटतं की महिनाभर तालीम केलेल्या पोराचं तोंडच दिसणार नसेल तर व्हिडिओ कशाला हवा? पहिल्यांचा भरवसा अवाजवी आहे आणि दुसऱ्यांच्या तक्रारीवर उपाय आहे. पत्रात हे दोन्ही यायला हवं.

मी व्हिडिओ संकलनाचं काम करते. एका मराठी प्राथमिक शाळेसाठी असं पत्र लिहायला यंदा मदत केली, म्हणून पत्राच्या त्या एका वाक्यामागे नेमकं काय काय असतं ते इथे मांडते आहे. उदाहरणाला एकच नाच घेऊ. तिसरीचं कोळीनृत्य, सहा मिनिटांचं, मंचावर चोवीस मुलं. त्यातल्या तिघांच्या पालकांनी संमतिपत्रावर ‘नाही’ लिहिलेलं आहे.

‘नाही’ का लिहिलं हे शाळेने विचारू नये, असं मला ठामपणे वाटतं. कुठे आईवडिलांचा ताब्यासाठीचा दावा कोर्टात चालू असतो आणि मूल कोणत्या शाळेत आहे हे एका बाजूला कळू द्यायचं नसतं. कुठे मूल बालगृहातून शाळेत येत असतं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या अशा मुलांची ओळख माध्यमांतून उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई केली आहे. आणि कुणाला नुसतंच नको असतं, तेही पुरेसं आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायला सांगितलं आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, त्यातल्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. शाळांनी आतापासून सवय लावून घेतलेली बरी.

मग फक्त त्या तिघांचे चेहरे झाकले तर? सुचायला हे सगळ्यात सोपं आणि करायला सगळ्यात वाईट. रांगेत एकवीस हसरे चेहरे आणि मध्येच तीन पुसट ठिपके दिसले की पहिला प्रश्न येतो, ‘हे तिघं कोण? आणि त्यांचंच का?’ गावातल्या किंवा सोसायटीतल्या शाळेत त्याचं उत्तर अर्ध्या तासात मिळतं. ज्यांना लपायचं होतं तेच उठून दिसतात. दुसरी अडचण कामाची आहे. नेमके तेच तिघं प्रत्येक दृश्यात शोधायचे तर सॉफ्टवेअरला त्यांचे चेहरे ओळखायला शिकवावं लागतं, म्हणजे ज्यांच्या पालकांनी नकार दिला त्यांच्याच चेहऱ्यांची नोंद संगणकात तयार करायची. म्हणून आमच्या पत्रात पहिलं वाक्य असं ठेवलं की बाहेर जाणाऱ्या प्रतीत मंचावरच्या सगळ्याच मुलांचे चेहरे झाकले जातील. सगळे झाकायचे तर सॉफ्टवेअरला कोण कुणाचं आहे हे कळायची गरज उरत नाही. ‘इथे एक चेहरा आहे’ एवढंच कळलं तरी पुरतं.

हे कसं कळतं? व्हिडिओ म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रं. आपल्याकडे कॅमेरा साधारणपणे सेकंदाला पंचवीस चित्रं टिपतो. सॉफ्टवेअर यातलं प्रत्येक चित्र वेगळं तपासतं. दोन डोळे, नाक, तोंड यांची ओळखीची मांडणी जिथे दिसते तिथे ते एक चौकट आखतं आणि आपल्याला कितपत खात्री आहे याचा आकडाही देतं. ठरवलेल्या आकड्याच्या वरच्या चौकटी चेहरा म्हणून धरल्या जातात आणि तेवढा भाग झाकला जातो. संगणक हे सगळं रात्रभर चालवतो, त्यात विशेष काही नाही. खरं काम त्यानंतरचं आहे आणि ते माणसाचं आहे.

सहा मिनिटांच्या कोळीनृत्यात नऊ हजार चित्रं असतात. समजा सॉफ्टवेअर इतकं चांगलं आहे की शंभरातल्या नव्व्याण्णव चित्रांत ते एखाद्या मुलीचा चेहरा बरोबर पकडतं. तरी तिची नव्वद चित्रं उघडी राहिली. सलग लावली तर साडेतीन सेकंदांहून थोडी जास्त. पण ती सलग नसतात, इथे एक, तिथे तीन अशी विखुरलेली असतात. एक चित्र पडद्यावर सेकंदाचा पंचविसावा भाग टिकतं, त्यामुळे व्हिडिओ चालू असताना डोळ्याला नुसती एक लुकलुक जाणवते. पण ज्याला चेहरा बघायचा आहे तो व्हिडिओ थांबवून एकेक चित्र पुढे सरकवू शकतो, आणि त्याला नव्वदपैकी एकच चित्र पुरतं. नव्व्याण्णव टक्के हा आकडा ऐकायला छान असला, तरी या कामात तो नापास आहे.

उघडी राहणारी चित्रं कुठे सापडतात हे अनुभवाने कळतं. मुलं गिरकी घेतात तेव्हा चेहरा समोरून बाजूला जातो आणि अर्ध्या चेहऱ्यावर सॉफ्टवेअर अडखळतं. वल्ही मारायच्या हालचालीत हात तोंडासमोर येतो. मंचावरचा दिवा अचानक निळा किंवा जांभळा होतो. उडीमध्ये चेहरा फराटल्यासारखा दिसतो. कोळीनृत्यात वेशभूषा तरी साधी असते. वाघाचं तोंड रंगवलेलं, दाढीमिशा लावलेल्या किंवा फेटा भुवयांपर्यंत उतरलेल्या मुलांबाबत चुका जास्त होतात. मूल मंचावर येतं आणि बाहेर जातं त्या क्षणीही असंच, कारण विंगेच्या कडेला आधी अर्धाच चेहरा दिसतो.

यावर तीन गोष्टी करायच्या. खात्रीचा आकडा मुद्दाम खाली ठेवायचा, म्हणजे शंका आली तरी झाकलं जाईल. त्याचा परिणाम असा होतो की पाठीमागच्या पडद्यावरचे सावित्रीबाई आणि शिवाजी महाराजही धूसर होतात, सरस्वतीच्या मूर्तीचंही तेच होतं. ते पालकांना विचित्र दिसतं, म्हणून पत्रात आधीच सांगावं आणि संकलकाने नंतर ते हाताने मोकळे करावेत. दुसरं म्हणजे चेहऱ्याची चौकट वाढवायची. सॉफ्टवेअरची चौकट भुवयांपासून हनुवटीपर्यंतच घट्ट बसते, कान आणि केसांची ठेवण बाहेर राहते. ती दीडपट तरी मोठी करावी. तिसरं म्हणजे सलगता. एका चित्रात चेहरा सापडला, पुढच्या पाचांत नाही आणि सातव्यात पुन्हा सापडला, तर मधल्या पाचांत तो तिथेच असणार. तेव्हा मधली जागा भरून काढायची, आणि सापडण्याच्या आधीची व नंतरची काही चित्रंही झाकायची. एवढं झाल्यावर एका माणसाने पूर्ण व्हिडिओ निम्म्या वेगाने बघायचा. गिरक्या आणि मंचावरची ये-जा आली की एकेक चित्र पुढे घेत बघायचं. सहा मिनिटांच्या नाचाला यात सहज तास जातो. तीन तासांच्या संमेलनाचा व्हिडिओ उशिरा का मिळतो याचं खरं उत्तर हे आहे, आणि ते पत्रात लिहिलं की गटावरची विचारणा बरीच कमी होते.

आता झाकायचं म्हणजे किती? हलका धूसरपणा डोळ्यांना सुखावतो, चेहरा धुक्यातून दिसल्यासारखा वाटतो. तो पुरेसा नाही. २०१६ मध्ये ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ आणि कॉर्नेल टेक इथल्या तीन संशोधकांनी दाखवून दिलं की चौकोनी ठिपक्यांनी किंवा यूट्यूबच्या स्वतःच्या धूसर करण्याच्या सोयीने झाकलेले चेहरेही संगणकाला ओळखायला शिकवता येतात. त्यांच्या प्रयोगात मूळ चेहरा परत मिळवलेला नव्हता. आधी माहीत असलेल्या लोकांच्या यादीतला हा कोण, एवढंच संगणक सांगत होता. काहींना यामुळे हायसं वाटेल. मला उलट वाटतं, कारण शाळा म्हणजे नेमकी तशीच छोटी, माहीत असलेली यादी आहे. वर्गात चोवीस मुलं, त्यांचे स्वच्छ फोटो वर्गाच्या एकत्रित छायाचित्रात, वाढदिवसांच्या फोटोंत, आईच्या स्टेटसवर. शिवाय व्हिडिओत एकाच चेहऱ्याची शेकडो धूसर चित्रं मिळतात, आणि प्रत्येकात थोडी वेगळी माहिती उरलेली असते.

म्हणून मी चेहरा धूसर करण्याऐवजी बुजवते. चेहऱ्याच्या भागाचा सरासरी रंग काढून त्या एकाच रंगाचा लंबगोल तिथे भरायचा आणि कडा तेवढ्या मऊ ठेवायच्या. काळ्या चौकोनासारखं ते अंगावर येत नाही, गुन्हेगारी बातमीची आठवण होत नाही, आणि डोळ्या-नाकाची रेषाही उरत नाही. टोपलीवरचा हात, कमरेचा रुमाल, पावलांचा ठेका सगळं दिसतं. एक तांत्रिक अट मात्र पाळावीच लागते. हे झाकण व्हिडिओच्या प्रत्येक चित्रात कायमचं उतरवून नवी फाइल करायची. संकलनाची प्रकल्प-फाइल कुणाला दिली तर त्यातलं झाकण एका टिचकीत निघतं.

चेहरे नीट बुजले तरी मूल ओळखता येईल अशा बऱ्याच गोष्टी शिल्लक असतात. मंचामागे एलईडीचा मोठा पडदा असेल तर त्यावर त्याच मुलाचा चेहरा दहापट मोठा दिसत असतो, आणि तिरक्या कोनामुळे सॉफ्टवेअरला तो कधीकधी दिसतच नाही. तो पडदा अख्खा झाकावा. निवेदिका माईकवरून पूर्ण नाव घेते: ‘आणि मुख्य कोळीणीच्या भूमिकेत…’ तिथला आवाज काढून टाकावा लागतो. बक्षीस समारंभ तर नावांचाच असतो. नाव, वर्ग आणि कशाबद्दल हे तिन्ही ओळीने ऐकू येतं, वर प्रमाणपत्र कॅमेऱ्यासमोर धरलेलं असतं. तो भाग बाहेरच्या प्रतीत न ठेवणंच शहाणपणाचं. फाइलच्या पोटात चित्रीकरणाची जागा आणि वेळ नोंदलेली असू शकते, मोबाइलवर केलेल्या चित्रीकरणात विशेषकरून. नवी फाइल करताना ती नोंद पुसता येते. आणि व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं मुखचित्र! आत सगळे चेहरे बुजवून वर मुखचित्राला मूळ फोटो लावलेला असा व्हिडिओ पाहिला की जीव हळहळतो.

पत्रातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य इथेच लिहावं लागतं. जो मुलाला ओळखतो, तो झाकलेल्या चेहऱ्यानेही त्याला ओळखेल. उंची, चाल, केस, पहिल्या रांगेतली जागा यावरून आजी आपली नात बरोबर हेरेल, आणि वर्गातली सगळी मुलंही. चेहरा झाकून अनोळखी माणसाला अडवता येतं, फोटोवरून माणूस शोधणाऱ्या यंत्रणांना अडवता येतं, मुलाचा चेहरा उचलून भलत्याच चित्रावर चिकटवणाऱ्याला अडवता येतं. ओळखीच्या माणसापासून धोका असेल, ताब्याच्या वादात असतो तसा, तर चेहरा बुजवणं पुरत नाही. त्या पालकांनी मुख्याध्यापकांशी बोलावं आणि बाहेरच्या प्रतीतून तो नाचच वगळावा. चोवीस मुलांचा नाच एका मुलासाठी वगळायचा का, असा प्रश्न पालक-शिक्षक संघात येतोच. माझं उत्तर ‘हो’ असं आहे. नाच झाला, तो सगळ्यांनी पाहिला. त्याचं चित्रीकरण बाहेर जाणं ही वरची गोष्ट आहे.

दुसरी मर्यादा सभागृहात बसलेली असते. शाळेने काहीही केलं तरी प्रेक्षकांतल्या दोनशे मोबाइलवर तोच नाच उघड्या चेहऱ्यांनी टिपला जातो. त्यावर शाळेचं सॉफ्टवेअर चालत नाही. पत्रात विनंती करता येते की आपल्या मुलाचं चित्रीकरण घरच्यांपुरतं ठेवा, समूहनृत्य स्टेटसवर टाकू नका. आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीला बाईंनी ते माईकवरूनही सांगावं.

उघड्या चेहऱ्यांचा व्हिडिओ पाहायची पालकांची इच्छा रास्त आहे, त्यासाठी शाळेने एक वेगळी सोय केली. एका शनिवारी सकाळी सभागृहातल्या पडद्यावर मूळ चित्रीकरण दाखवायचं ठरलं. ज्यांनी नकार दिला त्या तिन्ही पालकांना हे आधी विचारलं, आणि त्यांना हरकत नव्हती. मूळ फाइल एकाच ड्राइव्हवर, मुख्याध्यापकांच्या कपाटात. ती कधी पुसायची ती तारीखही पत्रात आहे. छायाचित्रकाराच्या कार्डात आणि लॅपटॉपमध्ये राहणाऱ्या प्रतीचं काय, हे बहुतेक वेळा विचारायचं राहून जातं. म्हणून काम सोपवतानाच्या कागदावर ते लिहून घ्यावं.

या सगळ्यातून तयार झालेलं पत्र असं:

‘सप्रेम नमस्कार. स्नेहसंमेलनाची चित्रफीत पालकांना लिंकद्वारे देण्यात येत आहे. या प्रतीत मंचावरील सर्व विद्यार्थ्यांचे चेहरे बुजवले आहेत. कोणत्या पालकांनी संमती दिली व कोणी नाही, हे त्यावरून कळू नये यासाठी सर्वांचेच बुजवले आहेत. निवेदनातील मुलांची नावे काढली आहेत आणि बक्षीस समारंभ वगळला आहे. हे काम संगणकाने केल्यानंतर एका व्यक्तीने पूर्ण चित्रफीत तपासली आहे, तरीही एखादा चेहरा क्षणभर उघडा राहिला असण्याची शक्यता आहे. चेहरा बुजवल्याने अनोळखी व्यक्तीला मूल ओळखणे अवघड होते. ओळखीच्या व्यक्तीला ते ओळखू येऊ शकते. यामुळे आपल्याला काळजी वाटत असल्यास मुख्याध्यापकांना भेटावे, कारण सांगण्याची आवश्यकता नाही. मूळ चित्रीकरण शाळेत दाखवले जाईल, त्याची प्रत कोणालाही दिली जाणार नाही आणि शैक्षणिक वर्ष संपताच ते पुसले जाईल. आपण स्वतः केलेले समूहनृत्याचे चित्रीकरण समाजमाध्यमांवर टाकू नये, ही विनंती.’

पत्राखाली शेवटी दोन ओळी जोडल्या, आणि माझ्या मते कामाच्या दृष्टीने त्याच सगळ्यात उपयोगी आहेत. कुठे चेहरा उघडा दिसला तर त्याचा स्क्रीनशॉट गटावर टाकू नका, नाहीतर जे एका क्षणात निसटलं होतं ते दीडशे फोनांत कायमचं जाऊन बसतं. फक्त मिनिट आणि सेकंद लिहून वर्गशिक्षिकेला वैयक्तिक संदेश पाठवा, उदाहरणार्थ ‘कोळीनृत्य, ४ मिनिटं १२ सेकंद, डावीकडून दुसरी’.

असा संदेश आला की दुरुस्ती लगेच करता यावी, म्हणून व्हिडिओ कुठे ठेवायचा हेही आधी ठरवावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइलच पाठवली तर ती प्रत्येकाच्या फोनमध्ये उतरते आणि नंतर परत घेता येत नाही. यूट्यूबवर तीच लिंक ठेवून फाइल बदलता येत नाही, नवा व्हिडिओ चढवून नवी लिंक पाठवावी लागते. गूगल ड्राइव्हवर मात्र लिंक तीच ठेवून फाइलची नवी आवृत्ती चढवता येते, आणि बघणाऱ्याला फाइल उतरवून घेण्याची मुभा बंदही ठेवता येते. पडद्याचं चित्रीकरण करणाऱ्याला त्याने अडवता येत नाही, पण सहज होणारी नक्कल थांबते. शाळेने ड्राइव्ह निवडलं, लिंक फक्त पालकांच्या नोंदवलेल्या ईमेलवर उघडेल असं ठेवलं आणि उतरवण्याची मुभा बंद केली. ज्यांच्याकडे ईमेल नाही अशा पालकांसाठी शाळेच्या संगणक कक्षात रोज मधल्या सुट्टीनंतर अर्धा तास व्हिडिओ लावून ठेवला.